पाया कापलेला स्तंभालेख: फुगवलेला फरक ओळखायचा आणि मोजायचा कसा

२०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८,४१,४८८, कल्याण-डोंबिवलीची १२,४७,३२७ आणि नवी मुंबईची ११,२०,५४७ नोंदली गेली. या तीन आकड्यांचा स्तंभालेख काढा, फक्त उभा अक्ष शून्याऐवजी १० लाखांपासून सुरू करा. कल्याण-डोंबिवलीचा स्तंभ नवी मुंबईच्या दुप्पट उंच दिसेल आणि ठाण्याचा सातपट. प्रत्यक्षात कल्याण-डोंबिवली नवी मुंबईपेक्षा ११ टक्क्यांनी मोठी आहे आणि ठाणे साधारण १.६ पट. आलेखातला एकही आकडा खोटा नाही, अक्षावरचे आकडेही बरोबर छापलेले आहेत, तरी पाहणाऱ्याच्या मनात जे चित्र राहतं ते चुकीचं असतं.

सोसायटीच्या वार्षिक सभेचा अहवाल, क्लासचा फ्लेक्स, बिल्डरचं माहितीपत्रक, निवडणुकीचं पत्रक, व्हॉट्सॲपवर फिरणारं चित्र अशा ठिकाणी हा प्रकार रोज भेटतो. तो कसा ओळखायचा, फरक नेमका किती फुगवला आहे हे कसं काढायचं आणि स्वतः आलेख काढताना कुठे चूक होते, ते खाली क्रमाने दिलं आहे.

## हाताशी काय लागेल

- १५ सेंटिमीटरची साधी पट्टी
- एक आलेख कागद (शाळेच्या वहीबरोबर मिळतो तोच) आणि पेन्सिल
- मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर
- आलेखाचा पूर्ण, न कापलेला फोटो किंवा स्क्रीनशॉट
- स्वतः आलेख काढणार असाल तर एक्सेल किंवा गूगल शीट्स

## १. स्तंभांकडे बघण्याआधी अक्षाचा तळ बघा

नजर आधी सगळ्यात उंच स्तंभावर जाते. ती मुद्दाम खाली डाव्या कोपऱ्यात न्या. उभ्या अक्षावरचा सगळ्यात खालचा आकडा कोणता आहे? त्याला आपण पाया म्हणू. पाया शून्य असेल तर स्तंभांच्या उंचीवर विश्वास ठेवायला हरकत नाही. तिथे १० लाख, ४,००० किंवा ९० टक्के असं काही असेल, तर उंची बघून कुठलाही निष्कर्ष काढू नका आणि पुढच्या पायऱ्यांकडे या. आडव्या स्तंभांच्या आलेखात हाच पाया डाव्या टोकाला असतो.

इथे दोन गोष्टींत लोक फसतात. एक म्हणजे चित्र पुढे पाठवताना खालची पट्टी कापली जाते आणि पाया दिसतच नाही, तेव्हा मूळ चित्र मागून घ्या. दुसरी म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेले दोन आलेख. डावीकडच्याचा पाया शून्य आणि उजवीकडच्याचा भलताच, असं असेल तर त्या दोघांची तुलना होऊच शकत नाही. म्हणून तळाचा आकडा प्रत्येक आलेखाचा वेगळा तपासायचा.

अक्षाचं वरचं टोक कुठे आहे याने मात्र स्तंभांचं परस्परप्रमाण बदलत नाही. कुणी अक्ष २० लाखांऐवजी ४० लाखांपर्यंत नेला तर सगळे स्तंभ बुटके होतील, पण दुप्पट असलेला दुप्पटच राहील. सगळी गडबड तळाशी होते.

## २. एकदा कागदावर घडी घालून बघा

हे एकदा स्वतःच्या हाताने केलं की पुन्हा समजावून सांगावं लागत नाही. घरात सातवी-आठवीतलं मूल असेल तर त्याला बरोबर घ्या, कारण स्तंभालेख त्याच्या अभ्यासात असतोच.

आलेख कागद उभा धरा. तळापासून थोडं वर एक आडवी रेघ मारा, ती शून्याची. प्रमाण घ्या १ सेंमी = १ लाख. त्यावर ३ सेंमी रुंदीचे तीन स्तंभ काढा: ठाणे १८.४ सेंमी, कल्याण-डोंबिवली १२.५ सेंमी, नवी मुंबई ११.२ सेंमी. पेन्सिलने रंगवून घ्या. आता कागद समोर धरा. ठाणे स्पष्टपणे मोठं आहे. उरलेले दोन जवळजवळ सारखे वाटतात, कल्याण-डोंबिवली बोटभर वर आहे इतकंच.

आता शून्याच्या रेघेपासून बरोबर १० सेंमी वर कागदाला आडवी घडी घाला आणि खालचा भाग मागे दुमडा. समोर उरलं ते बघा: ८.४ सेंमी, २.५ सेंमी आणि १.२ सेंमी. नवी मुंबई एवढीशी झाली, कल्याण-डोंबिवली तिच्या दुप्पट.

घडी घातलेल्या कागदावरच पट्टी लावा. कल्याण-डोंबिवली आणि नवी मुंबई यांच्या माथ्यांमधलं अंतर मोजा. ते घडीआधी १.३ सेंमी होतं, आताही १.३ सेंमीच आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली यांच्यातलं ५.९ सेंमीही तसंच आहे. फरकाला धक्का लागलेला नाही, पण पटीचं पार वाटोळं झालं आहे. दोन्ही स्तंभांमधून सारखंच दहा-दहा वजा केलं की वजाबाकी तीच राहते, भागाकार बदलतो. आणि स्तंभ बघताना आपला डोळा भागाकार करतो: हा त्याच्या दुप्पट, तो याच्या निम्मा. स्तंभ ही लांबीची भाषा आहे, आणि लांबीचा अर्थ ती पूर्ण दिसली तरच लागतो.

छापील आलेखात आणखी एक गोष्ट होते. घडी घातल्यावर उरलेला तुकडा तेवढाच ठेवत नाहीत, तो ताणून पूर्ण चौकट भरतात. त्यामुळे पटीत चूक होतेच, शिवाय माथ्यांमधलं अंतरही डोळ्यांत भरेल इतकं मोठं होतं.

## ३. किती फुगवलं आहे ते मोजा

अक्षावर आकडे दिलेले असतील तर पट्टीचीही गरज नाही. दोन स्तंभांचे आकडे आणि पाया एवढं पुरतं.

खरं पट = मोठा आकडा ÷ लहान आकडा

दिसणारं पट = (मोठा आकडा − पाया) ÷ (लहान आकडा − पाया)

शीटमध्ये करायचं असेल तर `B1` मध्ये मोठा आकडा, `B2` मध्ये लहान आणि `B3` मध्ये पाया लिहा. पहिलं सूत्र खरं पट देतं, दुसरं दिसणारं पट, आणि तिसरं फुगवटा, म्हणजे दिसणारा फरक खऱ्या फरकाच्या किती पट आहे ते:

```
=B1/B2
=(B1-B3)/(B2-B3)
=((B1-B3)/(B2-B3)-1)/(B1/B2-1)
```

`1247327`, `1120547` आणि `1000000` टाकून बघा. खरं पट १.११, दिसणारं २.०५ आणि फुगवटा ९.३ येतो. म्हणजे ११ टक्क्यांचा फरक डोळ्यांना १०५ टक्क्यांचा दाखवला गेला. या तिसऱ्या आकड्याला एडवर्ड टफ्टी या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये 'लाय फॅक्टर' असं नाव दिलं. त्याच्या मते तो ०.९५ ते १.०५ च्या आत असला तर आलेख ठीक समजावा. आपला नऊच्या वर गेला आहे.

आता फक्त पाया बदलत जा आणि दिसणारं पट कसं हलतं ते बघा:

| पाया | कल्याण-डोंबिवली नवी मुंबईच्या किती पट दिसते |
|---|---|
| ० | १.११ |
| ५ लाख | १.२० |
| १० लाख | २.०५ |
| ११ लाख | ७.१७ |

शून्यापासून पाच लाखांपर्यंत पाया वर आणला तरी फारसं बिघडलं नाही. दहापासून अकरावर आणला, म्हणजे फक्त एक लाखाने, आणि दुपटीचं सातपट झालं. पाया सगळ्यात लहान आकड्याच्या जितका जवळ, तितका फुगवटा झपाट्याने वाढतो. म्हणून वाचताना घाईत असाल तर एवढं तरी बघा: सगळ्यात बुटका स्तंभ पायाला किती चिकटलेला आहे? जमिनीला लागलेला दिसत असेल आणि त्याचा आकडा शून्याच्या जवळ नसेल, तर समोरचं चित्र खूप ताणलेलं आहे.

सोसायटीच्या अहवालात हेच हिशेब कामाला येतात. समजा मासिक देखभाल खर्च दर फ्लॅटमागे ४,२०० वरून ४,४५० झाला आणि आलेखाचा पाया ४,००० आहे. स्तंभ २०० आणि ४५० उंचीचे, म्हणजे सव्वादोन पट. वाढ खरी आहे, ती ६ टक्के आहे. सभेत बोलायचं असेल तर ६ टक्के योग्य की अयोग्य यावर बोला. सव्वादोन पटीच्या चित्रावरून वाद सुरू झाला की तो भलतीकडेच जातो.

## ४. अक्षच नसेल तर लपलेला पाया शोधून काढा

फ्लेक्सवर बहुतेक वेळा अक्ष नसतोच. नुसते रंगीत स्तंभ आणि प्रत्येकाच्या डोक्यावर आकडा. इथे पट्टी लागते.

समजा एका क्लासच्या फ्लेक्सवर तीन वर्षांचे निकाल आहेत: ९२ टक्के, ९४ टक्के, ९६ टक्के. फ्लेक्सचा समोरून, तिरका नाही असा फोटो काढा. फोनच्या स्क्रीनवर पट्टी ठेवा आणि मोजून होईपर्यंत झूम बदलू नका. समजा ९२ चा स्तंभ ४ सेंमी आणि ९६ चा ८ सेंमी भरला.

क) आकड्यांमधला फरक भागिले उंचीमधला फरक: (९६ − ९२) ÷ (८ − ४) = १. म्हणजे एका सेंमीला एक टक्का.

ख) मोठ्या आकड्यातून त्याच्या स्तंभाची उंची त्या प्रमाणात वजा करा: ९६ − (८ × १) = ८८.

लपलेला पाया ८८. अक्ष छापला नसला तरी तो तिथे आहे.

मोजायला नेहमी सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटका स्तंभच घ्या. या उदाहरणात पट्टी एक मिलिमीटर चुकली तर पाया फार तर ०.२ ने हलतो, पण उंची जवळजवळ सारखी असलेले दोन स्तंभ घेतले तर तेवढ्याच चुकीने उत्तर कुठल्या कुठे जातं.

मग तिसऱ्या स्तंभावर पडताळा घ्या. पाया ८८ आणि प्रमाण एकास एक, तर ९४ चा स्तंभ ६ सेंमी हवा. तो ५ किंवा ७ भरला, तर तिथे कुठलंच प्रमाण पाळलेलं नाही. डिझाइन करणाऱ्याने स्तंभ अंदाजाने ओढलेले आहेत. अशा चित्रातून उंची पूर्ण सोडून द्यायची आणि फक्त छापलेले आकडे वहीत उतरवून घ्यायचे.

आकडे उतरवल्यावर एक प्रश्न अजून विचारा: हे टक्के किती जणांचे? तुकडी ५० मुलांची असेल तर ९२ टक्के म्हणजे ४६ आणि ९६ टक्के म्हणजे ४८. फ्लेक्सवर दुप्पट उंच दिसणारा स्तंभ दोन मुलांच्या फरकावर उभा आहे.

स्तंभांच्या जागी इमारतींची, नाण्यांच्या चळतींची किंवा तिरक्या त्रिमितीय ठोकळ्यांची चित्रं असतील तर पट्टीने मोजण्यात वेळ घालवू नका. तिथे उंचीबरोबर रुंदी आणि खोलीही वाढवलेली असते.

## ५. आपल्याच आलेखाचा पाया एक्सेल गुपचूप कापतं

असा आलेख दिसला की काढणाऱ्याने मुद्दाम फसवलं, असं लगेच धरून चालू नका. पुष्कळदा त्याला पत्ताही नसतो, कारण पाया एक्सेलने ठरवलेला असतो.

साध्या द्विमितीय आलेखात सगळे आकडे धन असतील तर एक्सेल असा नियम लावतं: सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा यांच्यातला फरक मोठ्या आकड्याच्या एक षष्ठांशापेक्षा, म्हणजे १६.६७ टक्क्यांपेक्षा, जास्त असेल तर अक्ष शून्यापासून. फरक त्याहून कमी असेल तर अक्षाची सुरुवात लहान आकड्याच्याही खाली, त्या फरकाच्या निम्म्याने, आणि तिथून खालच्या जवळच्या रेघेवर.

आपल्या तीन महापालिकांवर हे लावून बघा. ठाणे आणि नवी मुंबई यांच्यातला फरक ७.२ लाख, म्हणजे १८.४ लाखांच्या ३९ टक्के. एक्सेल अक्ष शून्यापासून काढेल, सगळं ठीक. आता कुणीतरी म्हणालं, ठाणे नको, फक्त उरलेल्या दोघांची तुलना दाखवा. तुम्ही ठाण्याची ओळ काढलीत. फरक उरला १.२७ लाख, म्हणजे १२.४७ लाखांच्या १० टक्के. नियम उलटला. पाया ११.२१ वजा ०.६३, म्हणजे १०.५७ च्या खाली, आलेखाच्या आकारानुसार १०.४ किंवा १०.५ लाखांवर जातो. मघाशी जवळजवळ सारखे दिसणारे दोन स्तंभ आता अडीच-पावणेतीन पट वेगळे दिसू लागतात. तुम्ही अक्षाला हातही लावलेला नाही, फक्त एक ओळ काढली.

क्लासच्या निकालाचंही तसंच. ९२, ९४, ९६ हे आकडे एक्सेलमध्ये टाकले की फरक ४, तो ९६ च्या एक षष्ठांशापेक्षा बराच कमी. पाया ९२ वजा २, म्हणजे ९०. स्तंभ २, ४ आणि ६ उंचीचे. पहिल्यापेक्षा शेवटचा तिप्पट.

दुरुस्ती अशी करायची:

एक्सेलमध्ये उभ्या अक्षाच्या आकड्यांवर राइट-क्लिक करा, `Format Axis` निवडा, `Axis Options` खाली `Bounds` मध्ये `Minimum` समोर `0` टाइप करून एंटर दाबा. शेजारचं `Auto` जाऊन तिथे `Reset` आलं की पाया पक्का झाला.

गूगल शीट्समध्ये आलेखावर डबल-क्लिक करा, `Customize` मध्ये `Vertical axis` उघडा आणि `Min` च्या चौकटीत `0` लिहा.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे चौकटीत आधीच शून्य दिसतंय म्हणून ती तशीच सोडून देणं. ते शून्य `Auto` चं असतं. पुढच्या महिन्यात नवे आकडे भरले, ते एकमेकांच्या जवळ आले की एक्सेल पाया पुन्हा हलवतं आणि दर महिन्याला त्याच शीटवरून निघणारा अहवाल अचानक वेगळाच दिसू लागतो. शून्य दिसत असलं तरी स्वतः टाइप करा.

## ६. नागमोडी खूण केली म्हणजे भागलं का?

शाळेत आलेख काढताना अक्षाचा मधला भाग वगळायचा असला की आरंभबिंदूजवळ नागमोडी खूण करतात, तिला अक्षसंकोच चिन्ह म्हणतात. वृत्तपत्रांतही स्तंभाच्या खालच्या भागात दोन तिरक्या रेघा मारून तो तोडल्याचं दाखवतात. अक्ष तोडला आहे ही माहिती त्यातून मिळते, आणि न सांगण्यापेक्षा सांगणं केव्हाही बरं. पण माहिती मिळाली म्हणून डोळा सुधारत नाही. तो तोडलेल्या स्तंभांचीही लांबीच मोजत राहतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात लोकांना आधी स्पष्ट समजावून सांगितलं की अक्ष कापला की फरक मोठा वाटतो, आणि मग आलेख दाखवले. परिणाम कमी झाला, गेला नाही.

यासाठीच तिसऱ्या पायरीतला हिशेब प्रत्यक्ष करायला हवा. 'मला माहीत आहे, मी फसणार नाही' यावर विसंबू नका. कापलेला आलेख हातात आला की दोन आकडे घ्या, भागाकार करा आणि ते उत्तर आलेखाच्या शेजारी पेनाने लिहून ठेवा: १.११ पट. मग पुढचा मजकूर वाचा.

लहान फरक दाखवायचाच असेल तर स्तंभ तोडण्याऐवजी फरकाचाच स्तंभ काढता येतो. देखभाल खर्च ४,२०० वरून ४,४५० झाला, तर '२५० रुपये वाढ' हा एकच स्तंभ शून्यापासून काढा आणि शेजारी मागच्या काही वर्षांच्या वाढीचे स्तंभ ठेवा. तो कशाबद्दल बोलतो आहे हे शीर्षकातच कळतं आणि लांबीही खरी राहते. निकालाच्या बाबतीत नापास मुलांचे टक्के दाखवले तर ८ चे ४ झाले, म्हणजे निम्मे. हे निम्मं होणं खरं आहे, फक्त प्रश्न बदलला आहे, आणि तो शीर्षकात लिहायला हवा.

## ७. शून्य कुठे निरर्थक असतं ते ओळखा

'अक्ष नेहमी शून्यापासून' हा नियम डोळे मिटून सगळीकडे लावायचा नाही. तो स्तंभांसाठी आहे. रेषालेखात आपण लांबी बघत नाही, रेघ कुठे चढली आणि कुठे उतरली ते बघतो. त्यामुळे तिथे अक्ष शून्यापासून नसला तरी चालतं. अंशांचं तापमान शून्यापासून स्तंभात दाखवण्यालाही अर्थ नाही. सेल्सिअसचं शून्य म्हणजे उष्णतेचा अभाव नव्हे, आणि ३० अंश म्हणजे १५ अंशांच्या दुप्पट गरम असंही नव्हे.

नवी मुंबईकरांच्या रोजच्या बोलण्यातलं उदाहरण मोरबे धरणाचं. खालापूर तालुक्यातल्या या धरणाची पूर्ण भरल्याची पातळी ८८ मीटर आहे. पाऊस लांबला की आजची पातळी आणि गेल्या वर्षीची याच तारखेची पातळी असे दोन स्तंभ फिरू लागतात. समजा त्या पातळ्या ७६ आणि ८० मीटर आहेत. शून्यापासून काढले तर दोन्ही स्तंभ जवळपास सारखे दिसतात, फरक ५ टक्के, आणि वाटतं की काळजीचं कारण नाही. पाया ७० चा घेतला तर ६ आणि १०, म्हणजे पाणी निम्म्याजवळ आलं असं वाटतं. दोन्ही चित्रं चुकतात, आणि इथे पाया बदलून उपयोग होणार नाही.

कारण धरणाची पातळी तळापासून मोजत नाहीत. ती समुद्रसपाटीपासून मोजतात, म्हणून शून्य मीटरला तिथे पाण्याशी काहीच संबंध नाही. शिवाय जलाशय खाली अरुंद आणि वर पसरट असतो. वरच्या एका मीटरमध्ये खालच्या एका मीटरपेक्षा कितीतरी जास्त पाणी मावतं, त्यामुळे ७६ आणि ८० मधल्या चार मीटरांचं पाणी आणि त्याखालच्या चार मीटरांचं पाणी सारखं नसतं. पातळीवरून प्रत्यक्ष पाणी किती, हे नुसत्या वजाबाकीने काढता येत नाही.

तेव्हा पातळी सोडा आणि साठा मागा. तो दशलक्ष घनमीटरमध्ये सांगतात. मोरबेची पूर्ण क्षमता सुमारे १९० दशलक्ष घनमीटर आहे. साठ्याला खरं शून्य आहे, ते म्हणजे रिकामं धरण, आणि दुप्पट साठा म्हणजे खरोखर दुप्पट पाणी. त्याचे स्तंभ शून्यापासून काढा, दोन्ही वर्षांची तारीख एकच ठेवा, आणि १९० वर पूर्ण क्षमतेची एक आडवी रेघ मारा. कुणी नुसत्या पातळीचे स्तंभ पाठवले तर त्यांच्याकडून त्या दोन तारखांचा साठा मागून घ्या. तो आकडा आल्याशिवाय ते चित्र पुढच्या ग्रुपवर ढकलू नका.